२६एएसच्या स्क्रीनशॉटवरून यादी करताय? या चुका टाळा

शिवाजी उद्यमनगरातले एक लेथवाले दरवर्षी जुलैत २६एएसचा, म्हणजे आयकर खात्याकडच्या टीडीएसच्या उताऱ्याचा, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवतात. यंदा सोबत त्यावरून स्वतः केलेली उत्पन्न आणि टीडीएसची यादीही होती. "साहेब, औंदा टीडीएस लई कापलाय की ओ!"

यादीत फौंड्रीकडून जॉबवर्कचे ३,३०,००० आणि टीडीएस ३,३०० होता. स्क्रीनशॉटमध्ये मात्र त्या फौंड्रीच्या नावासमोरच २,३४,००० आणि २,३४० असं छापलेलं होतं. फरक ९६,००० चा.

अशा वेळी फरकाचं निम्मं करायचं आणि तेवढ्या रकमेची ओळ शोधायची. निम्मे ४८,००० आणि तशा ओळी दोन होत्या. फौंड्रीने टीडीएसच्या विवरणात आधी ८४,००० ऐवजी ४८,००० लिहिले होते, नंतर दुरुस्ती केली. दुरुस्ती झाली की जुनी ओळ पुसली जात नाही. तीच रक्कम वजा चिन्हासह पुन्हा येते आणि खाली नवी ओळ लागते. म्हणजे ओळी अशा होत्या: ८०,०००, ७०,०००, ४८,०००, उणे ४८,००० आणि ८४,०००. फोटोतून मजकूर उचलणाऱ्या ॲपने ती बारीकशी वजा रेघ गाळली, एवढंच. डोळ्यांनी बघून उतरवतानाही ती सुटते, म्हणून फोटो मोठा करून बघा.

याच्या उलट घोळ नावासमोरच्या ओळीचा. ती त्या पार्टीची बेरीज असते, वेगळी नोंद नव्हे. तीही यादीत धरली की उत्पन्न थेट दुप्पट! माझ्या मते ती ओळ वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि खालच्या ओळींची बेरीज तिच्याशी ताडावी:

```
=SUM(C2:C6)-E2
```

उत्तर शून्य यायला हवं. ओळी डोळ्यांना दिसतात तरी बेरीज कमी भरली, तर एखादा आकडा मजकूर म्हणून बसलाय. 84000.00 मधला टिंब गळाला तर 8400000 होतं, पण ते लगेच कळतं. एकट्या माणसाच्या जॉबवर्कवर, म्हणजे १९४सी कलमाखाली, टीडीएस एक टक्का. ८४,००० ला ८४० जुळतात, चौऱ्याऐंशी लाखांना नाही.

टीडीएस घेताना Tax Deducted नव्हे, TDS Deposited हा रकाना उतरवा. कापलाय पण भरला नाही, तर तुमच्या खात्यावर तो दिसत नाही. Status of Booking मध्ये F ऐवजी U असेल तर चलन जुळलेलं नाही. त्या पार्टीच्या अकाउंटंटला फोन लावा.

आणि त्या लेथवाल्यांच्या एफडीचं व्याज. पासबुकात ५६,२५० आले म्हणून त्यांनी तेवढंच लिहिलं होतं. बँकेने ६,२५० कापलेत, तेव्हा उत्पन्न ६२,५०० लिहायचं. Amount Paid/Credited खाली तोच आकडा होता, फक्त स्क्रीनशॉट उजवीकडून कापला गेल्याने त्यांना तो दिसलाच नाही.