सोलापुरात खोलीचा कागद नसताना बचत खातं

उमरग्याकडून सोलापुरात येऊन मला पंधरा वर्षं झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत नवीन लागलेली गावाकडची पोरं अजूनही विचारतात, "काका, मालक म्हणतोय पगार खात्यावरच देणार. माझ्याकडं खोलीचा करार नाही, लाईट बिल घरमालकाच्या नावावर. काय करू?"

आधारवर गावाचा पत्ता असला तरी खातं उघडतं. बँकेत अंगठा लावून आधारची ई-केवायसी करा आणि 'सध्या इथं राहतो' असं स्वयंघोषणापत्र द्या. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच ही सोय आहे. त्यासाठी लाईट बिल लागत नाही. पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म शाखेतच मिळतो. खातं मागताना 'बेसिक सेव्हिंग, झिरो बॅलन्स' असं स्पष्ट म्हणा. नुसतं 'सेव्हिंग' म्हटलं की किमान शिल्लक ठेवावी लागणारं खातं गळ्यात पडू शकतं.

मागावर काम करून बोटं झिजलेली असतात, मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून बघा.

फॉर्मवर कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असे दोन रकाने असतात. दुसऱ्यात सोलापूरची खोली लिहा, घरमालकाचं नाव 'द्वारा' म्हणून घाला. मी दोन्हीकडं गावच लिहिलं होतं. एटीएम कार्ड गावी गेलं, आणि ते आणायला दोन दिवसांची हजेरी बुडाली.

आधार, मतदार कार्ड, यांतलं काहीच जवळ नसेल तर 'स्मॉल अकाउंट' मागा. फोटो द्यायचा आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. पण त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या. शिल्लक 50,000 च्या वर जाता कामा नये, महिन्यात 10,000 पर्यंतच काढता किंवा पाठवता येतात, आणि आर्थिक वर्षात एकूण जमा 1 लाखापर्यंतच चालते.

समजा एप्रिलपासून 12,000 पगार जमा होतोय. आठ महिन्यांत 96,000 होतात, म्हणजे डिसेंबरचा पगार त्या खात्यात बसत नाही. त्याच्या आधीच अडचण येते ती अशी, की 8,000 घरी पाठवले की खोलीभाड्याच्या 3,000 साठी 2,000 च निघतात. म्हणून असं खातं उघडलं की त्याच आठवड्यात आधार केंद्रावर नोंदणी करा आणि पावती जपून ठेवा. खातं 12 महिनेच चालतं, आणि ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तरच आणखी 12 महिने मिळतात.

काउंटरवर 'इथला पत्ता पुरावा आणा' म्हणून परत पाठवलं तर वाद घालू नका. थेट शाखा व्यवस्थापकाकडं जा, आधारची ई-केवायसी आणि स्वयंघोषणापत्र हे दोन शब्द सांगा. तरीही नाही म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.