हार्डी-वाइनबर्गमध्ये ‘पास’, तरी निष्कर्ष चुकीचा: या चुका टाळा

लहान केस-कंट्रोल अभ्यासाच्या प्रबंधात एक वाक्य हमखास सापडतं: ‘जीनोटाइप हार्डी-वाइनबर्ग समतोलात होते, त्यामुळे नमुना एकसंध मानला.’ यातला ‘त्यामुळे’ चुकीचा आहे. तो का, हे आकड्यांतूनच पाहू. उदाहरण कल्पित आहे, गणित खरं आहे.

समजा 200 रुग्ण आणि 200 निरोगी माणसं आहेत. एका एसएनपीचे CC, CT, TT हे जीनोटाइप निरोगी गटात 111, 74, 15 आले आणि रुग्णांत 89, 86, 25. निरोगी गटात T अ‍ॅलीलची संख्या 74 + 2×15 = 104, म्हणजे 400 पैकी 26 टक्के. त्यावरून हार्डी-वाइनबर्गच्या p², 2pq, q² ने अपेक्षित संख्या काढल्या की साधारण 109.5, 77 आणि 13.5 येतात. काय-स्क्वेअर जेमतेम 0.3, पी-मूल्य 0.59 च्या आसपास. पास.

इथे स्वातंत्र्यमात्रा 1 धरायची, 2 नाही. वर्ग तीन असले तरी अ‍ॅलीलचं प्रमाण आपण त्याच नमुन्यातून काढलेलं असतं, त्यात एक मात्रा खर्च होते. एखाद्या वर्गाची अपेक्षित संख्या 5 च्या खाली गेली, तर काय-स्क्वेअर सोडून अचूक चाचणी वापरा. प्लिंक हे सॉफ्टवेअर तीच करतं:

```
plink --bfile study --hardy
```

निकालात ALL, AFF आणि UNAFF अशा तीन ओळी येतात. गुणवत्ता तपासायला UNAFF ची, म्हणजे निरोगींची ओळ बघायची. रुग्ण आणि निरोगी एकत्र करून चाचणी लावणं ही नेहमीची चूक. एसएनपीचा आजाराशी खरोखर संबंध असेल तर रुग्णांमधला समतोल त्यामुळेच ढळू शकतो, आणि तो एसएनपी ‘खराब’ म्हणून गाळला जातो.

आता संबंध पाहू. रुग्णांत T चे 136 अ‍ॅलील, म्हणजे 34 टक्के; निरोगींत 26. ऑड्स रेशो 1.47, पी-मूल्य 0.014. विद्यार्थी खूश, मार्गदर्शकही खूश.

पण हे आकडे मी कसे तयार केले ते सांगतो. दोन समाज घेतले: एकात T चं प्रमाण 40 टक्के, दुसऱ्यात 20. रुग्णांत पहिल्या समाजाचे 70 टक्के लोक, निरोगींत 30 टक्के. समाजाच्या आत रुग्ण आणि निरोगी यांच्यात काडीचाही फरक ठेवला नाही. सगळा ‘संबंध’ सरमिसळीतून आला.

मग हार्डी-वाइनबर्ग चाचणीला ही सरमिसळ दिसली का नाही? गट मिसळले की CT अपेक्षेपेक्षा कमी पडतात, याला वाहलुंड परिणाम म्हणतात. इथे 77 च्या जागी 74 आले, म्हणजे तूट चार टक्क्यांच्या आत. काय-स्क्वेअर म्हणजे ढोबळपणे नमुन्याचा आकार गुणिले या तुटीचा वर्ग. 0.0385 चा वर्ग 0.0015 असल्यामुळे 3.84 ही 0.05 पी-मूल्याची मर्यादा ओलांडायला सुमारे 2,600 निरोगी माणसं लागतील. दोनशेंमध्ये ही चाचणी सरमिसळ पकडेल, ही अपेक्षाच गैर आहे. तिला खरं तर प्रयोगशाळेतल्या ढोबळ चुका पकडता येतात: एक अ‍ॅलील वाचलाच न गेल्यामुळे CT खूप घटणं, किंवा दोन सारख्या जागा एकत्र वाचल्यामुळे CT अवाजवी वाढणं. अशा वेळी एसएनपी गाळण्याआधी क्लस्टर प्लॉट उघडून बघा. वीस एसएनपी तपासले तर एखादा 0.05 च्या खाली निव्वळ योगायोगानेही जाईल.

सरमिसळीचा खरा किस्सा अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा आहे. 1988 मध्ये नोलर आणि सहकाऱ्यांनी पिमा व टोहोनो ओओधम समाजांतल्या 4,920 जणांचा अभ्यास छापला. Gm3;5,13,14 हा हॅप्लोटाइप असलेल्यांत मधुमेह 8 टक्के, नसलेल्यांत 29. हॅप्लोटाइप मधुमेहापासून वाचवतो असंच वाटेल. प्रत्यक्षात तो युरोपीय वंशाची खूण होता. युरोपीय वंशाच्या प्रमाणानुसार गट पाडल्यावर फरक जवळपास नाहीसा झाला.

आपल्याकडे जातीअंतर्गत विवाहांमुळे शेजारी राहणाऱ्या दोन समाजांतही अ‍ॅलीलची प्रमाणं वेगळी असू शकतात. त्यामुळे ‘सगळे पुण्याचेच’ एवढ्यावर भागत नाही. रुग्ण मोठ्या रुग्णालयातून, म्हणजे चार जिल्ह्यांतून आलेले, आणि निरोगी गट कॉलेजच्या कर्मचाऱ्यांचा, ही जोडी तर धोक्याचीच. नमुना घेतानाच आई-वडिलांचं मूळ गाव, मातृभाषा आणि समाज संमतीने नोंदवा. नंतर ही माहिती मिळवणं फार अवघड जातं. नोंद असेल तर समाजवार तक्ते करून मँटेल-हेन्झेल पद्धतीने एकत्रित ऑड्स रेशो काढा. वरच्या उदाहरणात तो 1 वर येतो.

संपूर्ण जीनोमची चिप वापरली असेल तर एकमेकांशी जोडलेले एसएनपी आधी छाटा, मग मुख्य घटक काढा आणि रिग्रेशनमध्ये घाला:

```
plink --bfile study --indep-pairwise 50 5 0.2
plink --bfile study --extract plink.prune.in --pca 10
```

फक्त आठ-दहा उमेदवार एसएनपी असतील तर हा खटाटोप करू नका, तेवढ्यातून वंशाचं चित्र उमटत नाही. अशा वेळी बजेटमध्ये वंशसूचक मार्कर बसवता आले तर उत्तम. नाहीतर रुग्ण आणि त्याचे आई-वडील अशी त्रिकुटं घेऊन टीडीटी, म्हणजे ट्रान्समिशन डिसइक्विलिब्रियम टेस्ट करा. त्यात तुलना पालकांकडून मुलाकडे आलेल्या आणि न आलेल्या अ‍ॅलीलमध्येच होते, म्हणून सरमिसळीचा प्रश्न उरत नाही. उतारवयातल्या आजारांत मात्र आई-वडील हयात मिळणं कठीण, तिथे समाजवार जुळवलेला निरोगी गटच गाठावा लागतो.