जिनिंगवाल्यांसाठी लिंक्डइनवर बॅकअपचं कॅरोसेल कसं बनवावं

वणी, हिंगणघाट, पांढरकवड्याकडच्या छोट्या जिनिंगला आयटी सेवा विकायची, तर 'डिजिटल सोल्युशन्स'चं पानभर वर्णन कोणी वाचत नाही. मालकाचा प्रश्न साधा असतो: "लाइन गेली अन् डाटा उडाला, तर काय करता?" तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर आठ पानांच्या कॅरोसेलमध्ये, म्हणजे लिंक्डइनवर एकेक पान सरकवत पाहायच्या पीडीएफमध्ये दाखवा. जिनिंगचा मालक बहुधा लिंक्डइनवर नसतो. तिथे असतो त्याचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा किंवा नागपूरचा सीए. ते ही पीडीएफ उतरवून व्हॉट्सॲपवर त्याला पाठवतात. म्हणून पोस्टचा मजकूर वगळला तरी फाइल एकटीच समजली पाहिजे.

आधी कागदावर एकेका पानाचं एकेक वाक्य लिहा. पहिल्या पानावर कंपनीचं नाव नको, प्रश्न हवा: "ऐन हंगामात कम्प्युटर बंद पडला, तर कालच्या खरेदीचा हिशोब कुठून काढाल?" दुसऱ्यावर बॅकअप कोण घेणार आणि केव्हा: मुनीमजी, संध्याकाळी काटा बंद झाल्यावर. तिसऱ्यावर टॅली प्राइममध्ये Alt+Y दाबून Backup निवडण्याचं एकच चित्र.

चौथ्या पानावर हार्ड डिस्क काढून ठेवण्याचं कारण सांगा, कारण बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. बॅकअपची डिस्क कम्प्युटरला कायम जोडलेली असते. मग रॅन्समवेअर आला की मूळ डाटाबरोबर तीही कुलूपबंद होते. एक प्रत जिनिंगच्या आवाराबाहेर, मालकाच्या घरी किंवा क्लाउडवर हवी. जिनिंगमध्ये कापसाला आग लागण्याची भीती असतेच, त्यामुळे हे मालकाला फार समजवावं लागत नाही.

पाचवं आणि सहावं पान परत आणण्याच्या चाचणीला द्या. माझ्या मते सगळं कॅरोसेल या दोन पानांसाठीच आहे. बॅकअप घेतो असं सगळेच सांगतात. तो उघडतो का, हे फार थोडे दाखवतात. चाचणी चालू डाटाच्या फोल्डरमध्ये करू नये, नाहीतर जुना डाटा नव्यावर चढतो. वेगळ्या फोल्डरमध्ये Restore करा आणि तीन गोष्टी मूळ डाटाशी ताडून पाहा: शेवटचा व्हाउचर क्रमांक, त्या दिवसाची एकूण कापूस खरेदी आणि तेरजेची म्हणजे ट्रायल बॅलन्सची बेरीज. पाचव्या पानावर मूळ आकडे, सहाव्यावर परत आणलेले. तिन्ही जुळले तरच बॅकअप चांगला.

सातव्या पानावर मर्यादा लिहा. बॅकअप संध्याकाळी होतो आणि कम्प्युटर दुपारी चारला बसला, तर त्या दिवसाच्या नोंदी गेल्या. त्या काटापट्ट्यांवरून पुन्हा भराव्या लागतील. हंगामात दुपारीही एक बॅकअप घेतला तर हे काम निम्म्यावर येतं. हे लपवणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला सीए लवकर फोन करतो. आठव्या पानावर तुमचं नाव, गाव आणि फोन क्रमांक. क्रमांक ठळक अक्षरांत लिहा, कारण लिंक्डइनवर पानं सरकवताना पीडीएफमधली लिंक दाबली जात नाही.

चित्रांसाठी टॅलीत 'नमुना जिनिंग' नावाची खोटी कंपनी उघडा आणि दहा-बारा खोट्या खरेद्या भरा. खऱ्या ग्राहकाच्या पडद्यावर शेतकऱ्यांची नावं आणि देणी असतात. त्यांवर काळी पट्टी ओढून भागत नाही, कधीकधी पीडीएफमध्ये पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो.

आता मांडणी. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा आकार २० बाय २५ सेंटिमीटर ठेवा. उभं पान फोनवर जास्त जागा घेतं. फोनचा पडदा सुमारे सात सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे पान एक तृतीयांश होतं आणि २४ पॉइंटचं अक्षर छापील ८ पॉइंटएवढं दिसतं. त्याहून लहान अक्षर नको. मजकूर मावत नसेल तर वाक्य कापा. फॉन्ट युनिकोडच घ्या.

पीडीएफ काढल्यावर ती आधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि साध्या, स्वस्त फोनवर उघडा. 'व्हाउचर'मधला व्हा, 'क्रमांक'मधला क्र फुटला नाही ना, ते पाहा. ही तपासणी आधीच करायची, कारण पोस्ट टाकल्यावर वरचा मजकूर बदलता येतो, फाइल बदलता येत नाही. चूक सापडली तर पोस्टच काढून नव्याने टाकावी लागते आणि आलेल्या प्रतिक्रियाही जातात.

सगळं ठीक असेल तर नवी पोस्ट उघडून Add a document निवडा आणि फाइल जोडा. शीर्षक मागितलं जाईल. तिथे फाइलचं 'final2' असं नाव न देता पहिल्या पानाचाच प्रश्न लिहा. वरच्या मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचा भाग दाबल्यावर उघडतो. म्हणून 'जिनिंग', 'टॅली' आणि तुमचा तालुका हे तीन शब्द तिथेच आले पाहिजेत. पोस्ट दसऱ्याच्या आधी टाका. एकदा आवक सुरू झाली की मुनीमजींना चाचणीसाठी अर्धा तासही मिळत नाही.