डॅशकॅमच्या फोटोवरची तारीख पुसताना

तारीख रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर आली असेल तर ती हील ब्रशने पुसू नका, पट्टा डांबरात विरघळतो. गाडी पुढे जात असते, म्हणजे तोच पट्टा आधीच्या फ्रेममध्ये थोडा वर, उघडा दिसतो. तिथूनच उचला. फोटो व्हिडिओत 00:01:12 ला असेल, तर त्याआधीच्या एका सेकंदाच्या फ्रेम अशा काढा:

```
ffmpeg -ss 00:01:11 -i dash.mp4 -t 1 f_%03d.png
```

चार-पाच फ्रेम आधीचं चित्र गिंपमध्ये वरच्या लेयरवर ठेवा, थोडं मोठं करून खाली सरकवा. पट्ट्याच्या कडा जुळल्या की काळा मास्क लावून फक्त अक्षरांवर पांढरा ब्रश फिरवा. फार मागची फ्रेम घेतली तर मोठी करताना खडी पुसट होते. सिग्नलला थांबलेल्या गाडीत ही युक्ती चालत नाही. विम्याच्या दाव्याला मात्र तारखेसकट मूळ फाइलच द्या.