लग्न, मूल, गरोदरपण: मुलाखतीतल्या खासगी प्रश्नांना उत्तर कसं द्यावं

कामाबद्दलचं बोलणं नीट चाललेलं असतं आणि मध्येच समोरचा विचारतो, "लग्न झालंय का? मुलांचा काय विचार?" उत्तर द्यायला हाताशी फार तर चार-पाच सेकंद असतात. तेवढ्यात माणूस एक तर घरचं सगळं सांगून मोकळा होतो, नाही तर चिडून तुटक बोलतो. दोन्हींत नुकसान आपलंच होतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत सुचायची वाट पाहू नका, ते आदल्या दिवशीच तयार ठेवा.

आधी प्रश्नामागची शंका ओळखा

हे प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कामाचीच काहीतरी शंका असते. ही लवकर सोडून जाईल का, प्रवास किंवा रात्रपाळी जमेल का, लांबची रजा घेईल का, गाव बदलेल का. जाहिरात पुन्हा वाचा. तिथे प्रवास, पाळ्या किंवा बदली यांचा उल्लेख असेल तर शंका बहुधा त्याच बाबतीत निघेल. त्या शंकेचं खरं उत्तर तुमच्या आधीच्या कामातून शोधा आणि दोन वाक्यांत लिहून ठेवा. हातात दाखवण्यासारखं काहीच नसेल, पहिलीच नोकरी असेल, तर "जाहिरातीतल्या वेळा वाचूनच मी अर्ज केलाय आणि त्या मला चालतील" एवढंही पुरतं. मात्र ते खरं असायला हवं.

इथे एक चूक फार सहज होते. "घरच्यांचा पाठिंबा आहे, मुलाला सांभाळायला माणसं आहेत" हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण त्यामुळे तुमची नोकरी घरच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे हे तुम्ही स्वतःच मान्य करता. मग "ती माणसं आजारी पडली तर?" हा पुढचा प्रश्न येतोच. "आम्हाला मूल नकोच आहे" किंवा "तीन वर्षं तरी लग्न नाही" अशी हमीही देऊ नका. नोकरी मिळवण्यासाठी आयुष्याबद्दल दिलेला शब्द पुढे तुमच्याच विरुद्ध काढला जातो.

मग शंकेला उत्तर द्या

समजा, दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत आहे. समोरचे विचारतात, "तुमचं लग्न झालंय ना? मग रात्री-अपरात्री कॉल आला तर कसं जमणार?"

"रात्रीच्या कॉलबद्दल विचारताय ना, सर? आधीच्या कंपनीत एक आठवडा सोडून माझी रात्रीची पाळी असायची. कॉल आला की तासाभरात निघायचं, असा नियम होता आणि तो मी पाळलाय. तुमच्याकडे पाळ्या कशा लावतात?"

या उत्तरात लग्नाबद्दल "हो" नाही की "नाही" नाही. आधी शंकेला नाव दिलं, मग पुरावा दिला आणि शेवटी कामाचाच प्रश्न विचारून बोलणं परत रुळावर आणलं. तो शेवटचा प्रश्न गाळू नका. तुम्ही नुसत्या थांबलात तर ती शांतता भरायला समोरचा पुन्हा घरातच डोकावतो. आवाजही आधीच्या प्रश्नांना उत्तर देताना होता तसाच ठेवा.

बहुतेक जण इथे कामाकडे वळतात. कोणी पुन्हा विचारलं, "ते ठीक, पण मुलांचा विचार?" तर आता सरळ सांगायला हरकत नाही: "ते मी खासगी ठेवते, सर. पाळ्या, प्रवास, नोटीस पीरियड, यातलं काहीही मोकळेपणी विचारा." तिसऱ्यांदा तेच आलं तर "या पदासाठी ही माहिती कशाला लागते, ते सांगाल का?" असं शांतपणे विचारा आणि उत्तर खरंच ऐकून घ्या. विमा किंवा कुटुंबासह बदली असं काही कारण निघालं, तर "निवड झाली की फॉर्ममध्ये भरेन" म्हणता येतं.

नोकरीची निकड असेल आणि "हो, झालंय" एवढं सांगून पुढे जावंसं वाटलं तर तेही चालेल. फक्त त्याच दमात कामाकडे वळा. आपली परिस्थिती आपल्यालाच माहीत असते, त्यामुळे प्रत्येक वेळी नकार द्यायलाच हवा असं मला वाटत नाही.

गरोदर असाल तर

सांगावं की न सांगावं हा निर्णय तुमचा, पण खोटं सांगू नका असा माझा आग्रह आहे. "नाही" म्हणण्यापेक्षा "प्रकृतीबद्दलच्या गोष्टी मी मुलाखतीत बोलत नाही" हे जास्त सुरक्षित आहे. डेकर खटल्यात युरोपीय न्यायालयाने 1990 साली म्हटलं की गरोदर आहे म्हणून योग्य उमेदवाराला नाकारणं हा थेट लिंगभेद आहे आणि रजेचा खर्च ही सबब चालणार नाही. भारतात नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ हा खटला महत्त्वाचा आहे. तिथे निवडीच्या वेळी भरून घेतलेल्या घोषणापत्रात मासिक पाळी आणि गरोदरपणाची माहिती मागितली होती. गरोदरपण लपवलं म्हणून नीरा माथुर यांना परिविक्षेच्या काळातच काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि असे रकाने काढून टाकायला सांगितलं. पण त्यासाठी त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हेही विसरू नका. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. न बोलल्याने सहसा अडत नाही, खोट्या उत्तराचं मात्र निमित्त करता येतं.

याला एक अपवाद आहे. काम किरणोत्सर्गाचं किंवा घातक रसायनांचं असेल तर धोका खराच असतो. तिथे "या कामातले धोके आणि काळजीचे नियम सगळ्यांना दिले जातात, ते मला मिळतील का?" असं विचारा. निवड झाल्यावर रुजू होण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांशी बोला.

छापील किंवा ऑनलाइन अर्जात असा रकाना असेल आणि तो सक्तीचा नसेल तर रिकामा सोडा. सक्तीचा असेल आणि "सांगायचं नाही" हा पर्याय असेल तर तो निवडा.

बाहेर पडल्यावर लिहून ठेवा

त्याच दिवशी तारीख, समोर कोण होतं, त्यांचं पद, प्रश्नाचे नेमके शब्द आणि तुमचं उत्तर टिपून ठेवा. "वैवाहिक स्थिती विचारली" असं मोघम लिहू नका, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. आठवड्याने ते आठवत नाहीत, आणि तक्रार करायची वेळ आली तर सगळं त्या शब्दांवरच ठरतं. लपून रेकॉर्डिंग करू नका. अनेक ठिकाणी समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं हाच गुन्हा ठरतो. नकार आला तर कारण ईमेलने मागा. कारण आणि त्या दिवशीची टिपणं जुळत नसतील, म्हणजे मुलाखतीत अनुभवाचं कौतुक झालं आणि नकारात "अनुभव कमी" असं आलं, तर तो फरक कामगार खात्याला किंवा वकिलाला दाखवण्यासारखा असतो.

प्रसूती रजा, पाळणाघर, घरून काम याबद्दल तुम्हालाही विचारायचं असेलच. तो प्रश्न ऑफर लेटर हातात येईपर्यंत थांबवा. ते आल्यावर सही करण्याआधी रजेची कलमं वाचा आणि जे कळलं नाही ते एचआरला लेखी विचारा.