वीकेंड कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन गावात बसण्याआधी

नीटला मार्क कमी पडले आणि माझं बीएएमएस हुकलं. घरी पाच एकर कोरडवाहू, पराटी आणि तूर. दोन वर्षं वावरात गेल्यावर नागपूरच्या एका संस्थेची जाहिरात हाती आली: आयुर्वेद व पंचकर्म डिप्लोमा, सहा शनिवार-रविवार, फी ₹१८,०००, आणि खाली ठळक अक्षरांत 'शासनमान्य'. बाबांनी तूर विकून पैसे दिले. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बसस्टँडजवळ मी एक खोली भाड्याने घेतली आणि बोर्ड रंगवला. त्यावर 'आयुर्वेद उपचार केंद्र' लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली: शुगर, संधिवात, मुतखडा मुळापासून बरे. ही ओळ संस्थेनेच नमुना म्हणून दिली होती.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या गावचे एक काकाजी आले. वय साठीच्या पुढे, गुडघे दुखत होते. मी तेल लावलं, वाळूची पोटली तव्यावर गरम करून गुडघ्यापासून पावलापर्यंत शेक दिला. "चटका बसतो का जी?" असं मी मधून मधून विचारत होतो. "नाही, अजून गरम कर," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. उजव्या पायाच्या करंगळीजवळ रुपयाएवढा फोड आला होता आणि काकाजींना तो दुखतच नव्हता.

त्यांना बारा वर्षांपासून शुगर होती. पायाची संवेदना गेलेली होती, म्हणून चटका कळला नाही. आणि त्याहून वाईट गोष्ट मुलाने सांगितली: सरकारी दवाखान्यातल्या शुगरच्या गोळ्या त्यांनी तीन आठवड्यांपासून बंद केल्या होत्या. मी विचारलं, काऊन? काकाजी म्हणाले, "तुह्या बोर्डावर लिवलं हाये ना बाप्पा, मुळापासून बरी. मंग गोळ्या कायले खाऊ?"

मी त्यांना गाडीवर बसवून तालुक्याला एका बीएएमएस मॅडमकडे नेलं. मॅडमनी जखम पाहिली, शुगर तपासली आणि लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. ड्रेसिंग दोन महिने चाललं, बोट वाचलं. त्या दिवशी मॅडमनी कपाटातून चरकसंहिता काढली आणि सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय दाखवला. कोणाला स्वेदन, म्हणजे शेक किंवा वाफ, देऊ नये याची यादी तिथे आहे आणि तिच्यात मधुमेही स्पष्ट लिहिलेला आहे. सहा वीकेंडमध्ये आम्हाला पोटली कशी बांधायची ते शिकवलं होतं. कोणाला शेक द्यायचा नाही, हे शिकवलंच नव्हतं.

मग त्यांनी माझं सर्टिफिकेट मागितलं आणि ओळीओळीने वाचलं. नवीन मुलांनी फी भरण्याआधी हेच वाचन करावं, म्हणून तपशिलात सांगतो. वरच्या कोपऱ्यातला 'शासन नोंदणी क्रमांक' हा संस्थेचा होता. सोसायटी म्हणून नोंदलेली कोणतीही संस्था, भजनी मंडळसुद्धा, असा क्रमांक घेऊ शकते. खाली आयएसओचा शिक्का होता. तो कार्यालयाच्या कामकाजाच्या पद्धतीचा असतो, वैद्यकीय शिक्षणाला त्याने मान्यता मिळत नाही. तिसरा होता उद्यम नोंदणीचा क्रमांक, जो पिठाच्या गिरणीलाही मिळतो. "यात तुझा नंबर कुठे आहे?" त्यांनी विचारलं. नव्हताच.

त्यांच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं होतं. त्यावर त्यांचं नाव, पदवी आणि त्यांचा स्वतःचा नोंदणी क्रमांक. ती नोंदणी मिळते ती मान्यताप्राप्त महाविद्यालयातून साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाल्यावर. आपल्या राज्यात १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आहे, त्याच्या कलम ३३ नुसार नोंदणी नसलेल्याने रोगी तपासून उपचार करणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. भारतीय वैद्यक पद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या कायद्यातही आयुर्वेदाच्या व्यवसायाला नोंदणी लागतेच. नुसतीच जडीबुटी दिली, म्हणून सुटका होत नाही. तालुक्यात बोगस डॉक्टर शोधणारी समिती असते आणि ती पहिल्यांदा रजिस्टरमधलं नावच विचारते.

आमच्याकडे अजून एक गैरसमज पक्का आहे. कोणाच्या आजोबांकडे 'वैद्य विशारद' किंवा 'आयुर्वेदरत्न' अशी प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाची पदवी होती आणि ते रीतसर वैद्य होते, मग आता का नाही? त्या पदव्यांना मान्यता होती, पण १९३१ ते १९६७ या काळात मिळवलेल्यांनाच. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये हेच कायम केलं. त्यानंतरचा कागद दाखवून नोंदणी होत नाही.

मग माझ्यासारख्याने करायचं काय? मी आता मॅडमकडेच पंचकर्म सहाय्यक आहे. रोगी त्या तपासतात, काय द्यायचं आणि किती वेळ ते कागदावर लिहून देतात, आणि तेल लावणं, शेक, बाष्प हे मी करतो. शेकाआधी कापसाचा बोळा रोग्याच्या तळपायावर फिरवतो आणि डोळे मिटून कुठे लागलं ते सांगायला लावतो. सांगता आलं नाही तर मी थांबतो आणि मॅडमना बोलावतो. पोटली आधी स्वतःच्या मनगटावर टेकवतो. वमन, विरेचन, बस्ती ठरवणं माझं काम नाही, आणि नाडी पाहून रोग सांगणंही नाही.

स्वतंत्रपणे थकवा घालवायची साधी मालिश करता येते, पण तिला उपचार म्हणायचं नाही आणि कोणाची गोळी बंद करायला सांगायचं नाही. परवानाधारक कंपनीचं बंद डब्यातलं आयुर्वेदिक औषध दुकानात ठेवता येतं. घरी तेल किंवा चूर्ण करून औषध म्हणून विकायचं असेल तर उत्पादनाचा परवाना लागतो. नोंदणीकृत वैद्याला स्वतःच्या रोग्यांपुरतं औषध करायची जी सूट आहे, ती आपल्याला लागू होत नाही. आपल्याकडे बिब्बा घरोघरी असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये, तो बचनाग आणि कुचल्याबरोबर आहे. तो कोणाला सुचवूही नका.

आणि बोर्डावरची ती ओळ. ती मॅडमनासुद्धा लिहिता येत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात रोगांची यादी आहे आणि त्या रोगांवर औषधाची जाहिरात कोणीच करायची नाही: मधुमेह, मुतखडा, संधिवात, कोड, लठ्ठपणा, कर्करोग. माझ्या एका ओळीतले तिन्ही रोग त्या यादीत होते. पॅम्फ्लेट, रिक्षावरचा भोंगा आणि व्हॉट्सॲपवर फिरवलेलं पोस्टर हीसुद्धा जाहिरातच.

फी भरायच्या आधी संस्थेला एवढंच लेखी विचारा: हा कोर्स केल्यावर माझं नाव कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये येईल का? मी फोनवर विचारलं होतं, तेव्हा "प्रॅक्टिस करता येते, काही अडचण नाही" असं उत्तर मिळालं. कागदावर तसं लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत.

जुना बोर्ड मी त्याच आठवड्यात उतरवला. रविवारी मॅडमचा दवाखाना बंद असतो, तेव्हा मी त्या खोलीत बसतो. बाहेरच्या पाटीवर आता एवढंच आहे: तेल मालिश, सकाळी ८ ते १२. काकाजी येतात. त्यांच्या पायाला मी फक्त कोमट तेल लावतो, शेक देत नाही, आणि गोळ्यांचं पाकीट दाखवल्याशिवाय त्यांना बसू देत नाही.