मोबाइलवरचं कर्ज रद्द करायचंय? केएफएस वाचताना या चुका टाळा

वडगावचा एक विणकर मुलगा परवा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. यंत्रमागाची मोटर जळाली म्हणून त्याने एका ॲपवरून 20,000 रुपये घेतले होते. खात्यात आले 18,800. "मामा, चोवीस टक्के व्याज म्हणाले की! मग हे बाराशे कुठं गेले?"

उत्तर त्याच्याच मोबाइलमध्ये होतं. कर्जाआधी आलेला केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, त्याने न उघडताच मान्य केला होता. प्रक्रिया शुल्क 600, त्यावर जीएसटी 108 आणि विमा 492, असा त्या बाराशेंचा हिशेब त्यात मांडलेला होता.

व्याजदर बघून थांबणं

व्याज 24 टक्केच होतं. सहा महिने, दरमहा सुमारे 3,571 रुपये हप्ता. पण हाती 18,800 आले आणि व्याज मात्र 20,000 वर धरलं गेलं. व्याजात हे सगळे खर्च मिसळून जो वार्षिक दर निघतो तो एपीआर. इथे तो 46 टक्क्यांच्या वर गेला. मुलाला ते पटेना. बाराशे म्हणजे कर्जाच्या 6 टक्केच की! खरं आहे, पण हप्ते फेडत गेल्यामुळे ही रक्कम त्याच्याकडे सरासरी साडेतीन महिनेच राहणार. साडेतीन महिन्यांना 6 टक्के म्हणजे वर्षाला वीसच्या वर. मुदत जितकी छोटी, तितकं हे शुल्क जड जातं. म्हणून दोन ॲपची तुलना करायची तर एपीआरचीच करा. विम्यासारखा दुसऱ्या कंपनीच्या नावाने घेतलेला खर्चही त्यात धरावा लागतो. उशिराचा दंड मात्र त्यात नसतो, तो वेगळा लिहिलेला असतो. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

दोन मुदतींची गल्लत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कर्ज रद्द करायचं म्हटल्यावर "तीन दिवस असतात की," असं तो म्हणाला. ते तीन दिवस वेगळे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात केएफएस मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात आणि तोवर त्यातल्या अटी कंपनीवर बंधनकारक असतात. ही झाली कर्ज घेण्यापूर्वीची मुदत. कर्ज घेतल्यानंतर ते परत करायची मुदत म्हणजे कूलिंग-ऑफ. 2022 च्या नियमांत तीही अशा कर्जांना किमान तीन दिवस होती, म्हणून लोकांच्या डोक्यात तीनच बसले आहेत. 2025 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी ती कंपनीच्या संचालक मंडळावर सोपवली, फक्त एक दिवसापेक्षा कमी नको. तुमच्या कर्जाला किती, हे केएफएसच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं. लोक पहिल्या भागातला हप्ता बघतात आणि तिथेच थांबतात. या मुलाला तीन दिवस होते आणि दुसरा चालू होता, म्हणून निभावलं.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणीत कागद बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये समोर येतो. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत केएफएस देणं बंधनकारक आहे. मराठीत मागा, आणि लेखी मागा.

ॲप काढून टाकलं की कर्ज संपलं, ही समजूत

ॲप काढलं तरी कर्ज तसंच राहतं. रद्द करायचं तर मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांचा खर्च भरावा लागतो, दंड लागत नाही. दोन दिवसांचं व्याज झालं सुमारे 26 रुपये. प्रक्रिया शुल्क कंपनी ठेवू शकते, पण ते वाजवी हवं आणि केएफएसमध्ये आधीच सांगितलेलं हवं. ही सूट प्रक्रिया शुल्कापुरतीच आहे, म्हणून विम्याचे 492 त्याने लेखी परत मागितले. ते वजा होऊन 19,534 भरायचे ठरले. हाती आलेल्यापेक्षा 734 जास्त! म्हणून निर्णय होईपर्यंत त्या पैशाला हात लावू नका.

ॲपमध्ये रद्द करायचं बटण सापडत नसेल तर फोनवर वाट बघत बसू नका. केएफएसमधल्या तक्रार अधिकाऱ्याला मुदतीच्या आत मेल करा, भरायची रक्कम लेखी मागा आणि स्क्रीनशॉट ठेवा. पैसे कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या खात्यातच भरा. कुणा एजंटच्या यूपीआयवर पाठवू नका. तक्रार केल्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

पैसे भरून कर्ज बंद झाल्याचं पत्र आलं तरी मुलाच्या बँक खात्यात हप्त्याची ऑटो-पे मंजुरी तशीच चालू दिसत होती. ती त्याने पत्र आल्यावर त्याच दिवशी रद्द केली.